रंग कुठे पळतील? ‘रन’ आणि ‘सेट’चा नेमका अर्थ कोशात शोधताना

कपड्यांसोबत येणाऱ्या धुलाईच्या सूचनांचा मी फार वर्षांपूर्वी अनुवाद केला होता. मूळ इंग्रजी वाक्य तीन शब्दांचं होतं, ‘कलर्स मे रन’. मी मराठीत लिहिलं, ‘रंग पळू शकतात’. तपासणाऱ्या बाईंनी कागद परत पाठवला, समासात एकच शब्द लिहून: ‘कुठे?’

मी कोश उघडलाच नव्हता असं नाही. उघडला होता, पहिला अर्थ वाचला होता आणि मिटला होता. इंग्रजी नव्यानं वाचू लागलेले बहुतेक जण हेच करतात, आणि त्यांना फार बोल लावण्यात अर्थ नाही. ‘रन’ची नोंद पानभर खाली सरकत जाते. तिच्यात नाक वाहतं, दुकान चालतं, उमेदवार उभा राहतो, नाटकाचे प्रयोग होतात, मोज्याची वीण उसवते. एवढ्या गर्दीत आपला अर्थ ओळखायचा कसा, ते पुढे एका वाक्यावर करून दाखवतो. पण आधी ही गर्दी झालीच कशी ते थोडं पाहू. ते कळलं की शोधणं सोपं जातं.

गर्दी केवढी आहे? ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’च्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. त्यात सुमारे ४३० अर्थ आणि ६० हजारांच्या आसपास शब्द होते, म्हणजे एका शब्दावर छोटेखानी पुस्तकच. पुढे या कोशाची नवी आवृत्ती तयार होत असताना ‘रन’ची नोंद नव्यानं लिहिली गेली आणि तिनं ‘सेट’ला मागे टाकलं. २०११ मध्ये जाहीर झालेला आकडा होता ६४५, आणि तोही फक्त क्रियापदाचा. नाम म्हणून येणारा ‘रन’ वेगळाच.

हे आकडे ऐकून इंग्रजी भाषा विचित्र वाटते. मला तसं वाटत नाही, कारण आपल्याकडे ‘लागणे’ आहे. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, झोप लागते, निकाल लागतो, नोकरी लागते, दार लागतं, वेळ लागतो, मूल रडू लागतं आणि मला जावं लागतं. यातला एकही वापर तुम्ही कोश पाहून शिकला नाहीत. शेजारी ‘भूक’ आली की एक अर्थ, ‘दार’ आलं की दुसरा. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला मात्र ‘दार लागलं’ आणि ‘दगड लागला’ यांत काय साम्य, ते समजावून सांगताना तुमची पंचाईत होईल. ‘रन’समोर आपण त्या परक्या माणसाच्या जागी असतो, एवढंच.

शब्द जितका जुना आणि रोजच्या बोलण्यात जितका जास्त, तितके त्याला अर्थ फुटतात. माणसं नव्या गोष्टीसाठी दर वेळी नवा शब्द घडवत बसत नाहीत. हाताशी असलेला शब्द थोडा ताणून वापरतात. माणूस धावतो, म्हणजे वेगानं आणि न थांबता पुढे जातो. मग पाणीही ‘रन’ होतं, कारण तेही सलग पुढे जातं. पाण्यासारखा रस्ताही इथून तिथवर ‘रन’ होतो, जरी तो जागचा हलत नाही. यंत्र न थांबता काम करतं, तेही ‘रन’. यंत्र चालवणारा ते ‘रन’ करतो, मग कार्यालय चालवणाराही. प्रत्येक पाऊल लहान आणि समजण्यासारखं आहे. पण पहिलं टोक धावणारा माणूस आणि शेवटचं टोक कार्यालय चालवणारी बाई ही दोनच शेजारी ठेवली, तर मधला दुवा दिसत नाही. गंमत अशी की मराठीत याच वाटेनं ‘चालणे’ गेलं आहे: घड्याळ चालतं, दुकान चालतं, संस्था चालवतात. इंग्रज धावला तिथे आपण चाललो. म्हणून ‘रन’ दिसला की पहिला अंदाज ‘धावणे’चा न करता ‘चालणे’ किंवा ‘चालवणे’चा करून पाहा, बऱ्याचदा काम होऊन जातं.

‘सेट’ची गोष्ट तर आपल्या आणखी जवळची आहे. इंग्रजीत बसणे म्हणजे ‘सिट’, आणि ‘सेट’ हे मुळात त्याचंच प्रयोजक रूप, म्हणजे बसवणे. हे कळलं की कितीतरी अर्थ आपोआप सुटतात. अंगठीत खडा ‘सेट’ करतात, आपण खडा बसवतो. मोडलेलं हाड डॉक्टर ‘सेट’ करतात, आपल्याकडेही हाड बसवतात. मला ही जोडी लक्षात आली त्या दिवशी मी कोशाची ती नोंद पहिल्यांदा न वैतागता वाचली.

पण एक मेख आहे. ‘वस्तूंचा सेट’ या अर्थाचा ‘सेट’ या बसवण्यातून आलेला नाही. तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी अनुयायांच्या गटासाठीचा लॅटिन शब्द आहे. दोन वेगळ्या घरांतले शब्द उच्चारानं सारखे झाले, एकाच स्पेलिंगखाली आले आणि एकमेकांत मिसळले. ‘रन’मध्येही तसंच झालंय. जुन्या इंग्रजीत धावण्यासाठी एक क्रियापद होतं आणि धावायला लावण्यासाठी वेगळं. पुढे दोन्ही एकाच रूपात विरघळली. त्यामुळेच आज तोच शब्द ‘घोडा रन होतो’ आणि ‘घोडा रन करतात’ अशा दोन्ही बाजूंनी चालतो. हा दोन बाजूंचा भेद पुढे फार उपयोगाला येणार आहे.

आणखी एक गोष्ट नवख्यांना कोणी सांगत नाही. अर्थांची संख्या हा कोशकारांचा निर्णय असतो. काही जण बारीक फरकासाठीही वेगळा क्रमांक देतात, काही जण चार छटा एकाच क्रमांकात बांधतात. यंत्र ‘रन’ होणं आणि बस वेळापत्रकाप्रमाणे ‘रन’ होणं हे एका कोशात दोन अर्थ, दुसऱ्यात एकच. त्यामुळे ‘मला यातला अमुक क्रमांक लागू आहे की तमुक’ यावर दहा मिनिटं घालवू नका. दोन्ही अर्थांनी मराठीत ‘चालणे’च येत असेल, तर तुमचं काम झालेलं आहे.

आता प्रत्यक्ष शोध

सुरुवात योग्य कोशापासून. ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ आणि अमेरिकेतला मेरियम-वेबस्टर हे अर्थ इतिहासाच्या क्रमानं देतात, सर्वांत जुना आधी. म्हणजे तिथला पहिला अर्थ आजच्या वापरात नेहमीचा असेलच असं नाही. शिकणाऱ्यांसाठी बनवलेले कोश वेगळे असतात. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन या तिन्हींचे तसे कोश आहेत, आणि ते इंटरनेटवर फुकट पाहता येतात. त्यांत साधारणपणे रोजचे अर्थ वर असतात. शिवाय लांब नोंदीत प्रत्येक अर्थाच्या किंवा अर्थगटाच्या डोक्यावर एक-दोन शब्दांची पाटी असते: व्यवसाय, पाणी, यंत्र, निवडणूक अशा धर्तीची. नोंद वाचायची नसते, आधी फक्त या पाट्या वाचायच्या असतात. नवख्यानं यांपैकी एक कोश धरावा आणि मोठा ऐतिहासिक कोश हौसेसाठी ठेवावा.

वाक्य घेऊ या: ‘द काँक्रीट हॅड सेट बिफोर द क्रू कुड रन द पाइप अंडर इट.’ आपले दोन्ही नग एकाच वाक्यात आहेत.

पहिली पायरी, शब्दाची जात. ‘सेट’ नाम आहे, क्रियापद आहे की विशेषण? इंग्रजीत हे शब्दाच्या अंगावर लिहिलेलं नसतं, शेजाऱ्यांकडून ओळखावं लागतं. आधी ‘अ’ किंवा ‘द’ असेल आणि नंतर दुसरं नाम नसेल, तर बहुधा नाम: टेनिसमधला सेट, नाटकाचा सेट. ‘द’ आणि दुसऱ्या नामाच्या मध्ये असेल तर विशेषण, आणि अर्थ ‘ठरलेला’च्या जवळपास. आपल्या वाक्यात ‘सेट’च्या आधी ‘हॅड’ आहे, म्हणून क्रियापद. ‘सेट’ची तिन्ही रूपं सारखीच असल्यानं इथे घोळ होतो. ‘ही सेट’ असं दिसलं आणि शेवटी ‘स’ नाही, तर तो भूतकाळ आहे, हे लक्षात ठेवा. ‘कुड’नंतरचा ‘रन’ही क्रियापदच. या एका पायरीनं नोंदीचा मोठा तुकडा गळतो, कारण कोशात नाम आणि क्रियापद वेगवेगळे मांडलेले असतात.

दुसरी पायरी माझ्या मते सर्वांत कामाची, आणि तीच लोक टाळतात. क्रियापदाला कर्म आहे का ते पाहा. ‘काय?’ असा प्रश्न विचारा. काँक्रीटनं काय सेट केलं? काहीच नाही, पुढे लगेच ‘बिफोर’ येतो. म्हणजे अकर्मक. ‘ठेवणे’, ‘बसवणे’, ‘ठरवणे’, ‘नेमून देणे’ हे ‘सेट’चे सगळे गाजलेले अर्थ सकर्मक आहेत, त्यामुळे ते एका झटक्यात बाद. उरतात मोजकेच: सूर्य मावळतो तो, पातळ पदार्थ घट्ट होतो तो, मोडलेलं हाड जुळून येतं तो, चेहरा ताठरतो तो. आता क्रूनं काय रन केलं? पाइप. म्हणजे सकर्मक. मग धावणं, वाहणं, रंग जाणं हे अकर्मक अर्थ बाद झाले. कोशात हा भेद प्रत्येक अर्थाशेजारी लहान अक्षरांत किंवा चौकटी कंसात दिलेला असतो. आपण त्यावरून डोळा सरकवून पुढे जातो, तसं करू नका.

तिसरी पायरी, कर्ता आणि कर्म कोणत्या जातीच्या वस्तू आहेत? काँक्रीट ओलं ओततात आणि ते हळूहळू कडक होतं. उरलेल्या चारांतला एकच अर्थ अशा वस्तूला लागतो: घट्ट होणे. ‘सेट’ सुटला.

‘रन’ इतक्या सहज सुटत नाही, म्हणून तिथे थोडं थांबू. कर्म पाइप आहे. ‘व्यवस्थापन करणे’ हा अर्थ संस्थेला लागतो, पाइपला नाही. ‘यंत्र चालवणे’ जमत नाही, कारण पाइप यंत्र नाही. मग डोळा एका अर्थावर अडकतो: नळ सोडणे, पाणी वाहतं करणे. पाइप आणि पाणी यांचं नातं इतकं जवळचं आहे की इथेच नवखा माणूस फसतो आणि ‘पाइप सोडला’ असं काहीतरी लिहून बसतो. फसलोय हे कळतं ते वाक्याच्या शेपटीवरून. ‘अंडर इट’ म्हणजे त्याच्याखालून. पाणी सोडायला दिशा सांगावी लागत नाही. इथे दिशा सांगितली आहे, म्हणजे पाइप एका जागेहून दुसऱ्या जागेकडे नेला जातोय. पाट्यांमधून पुन्हा उतरा, तर तार, दोरी, पाइप एखाद्या दिशेनं नेणे असा अर्थ सापडतो, आणि शिकणाऱ्यांच्या कोशात त्याच्याशेजारी ‘पुढे दिशा किंवा जागा सांगणारे शब्द हवेत’ अशी खूणही बहुधा असते. आपल्या भाषेत, पाइप टाकणे.

चौथी पायरी, अदलाबदल. कोशातली व्याख्या शब्दाच्या जागी घालून वाक्य वाचा. ‘द काँक्रीट हॅड बिकम हार्ड’, ठीक बसलं. या कोशांतल्या व्याख्या मुद्दाम मोजक्या सोप्या शब्दांत लिहिलेल्या असतात (लाँगमनच्या व्याख्या सुमारे दोन हजार शब्दांत लिहितात), त्यामुळे ही अदलाबदल नवख्यालाही जमते. जिथे व्याख्या घातल्यावर वाक्य लंगडतं, एखादं कर्म कमी पडतं किंवा जास्त होतं, तिथे समजा की चुकीच्या क्रमांकावर आहात. सगळं जमलं की मराठी वाक्य असं होतं: ‘कामगारांना खालून पाइप टाकता येण्याआधीच काँक्रीट घट्ट झालं होतं.’ बांधकामावर मराठी माणसंसुद्धा ‘काँक्रीट सेट झालं’ असंच म्हणतात. तिथे तसं लिहिलं तरी चालेल, फक्त ते कळून लिहिलेलं असावं.

मागे लागलेला छोटा शब्द

वरच्या चार पायऱ्या नीट चढूनही अर्थ लागत नसेल, तर बहुतेक वेळा कारण एकच असतं. क्रियापदाच्या मागे ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘इन’ असा छोटा शब्द लागलेला असतो, आणि दोघांचा मिळून वेगळाच अर्थ झालेला असतो. हे जोड-अर्थ मुख्य क्रमांकांत सहसा नसतात. ते नोंदीच्या तळाशी किंवा शेजारच्या यादीत असतात. तुम्ही कितीही बारकाईनं वरचे क्रमांक वाचले तरी ते तिथे सापडणार नाहीत.

दोन वाक्यं पाहा: ‘शी रॅन अप अ हिल’ आणि ‘शी रॅन अप अ बिल’. एका अक्षराचा फरक. पहिल्यात ती टेकडीवर धावत गेली. दुसऱ्यात तिनं बिल फुगवलं, उधारी वाढवली. ओळखायचं कसं? छोटा शब्द वाक्याच्या शेवटी सरकवून पाहा. ‘रॅन अ बिल अप’ असं इंग्रजी माणूस म्हणतो, ‘रॅन अ हिल अप’ म्हणत नाही. सरकत असेल तर तो जोड-शब्द आहे, तळाची यादी उघडा. सरकत नसेल तर तो सहसा साधा दिशा दाखवणारा शब्द, आणि वरचे क्रमांक पुरेसे आहेत. मात्र ही कसोटी सगळं पकडत नाही. ‘रॅन इंटू हिम’ म्हणजे तो अचानक भेटला, आणि तिथे ‘इंटू’ जागचा हलत नाही. म्हणून मी सरळ नियम ठेवला आहे: मागे छोटा शब्द दिसला की कसोटी काहीही सांगो, यादीवर एकदा नजर टाकायची.

या जोडीलाही पुन्हा अनेक अर्थ असतात, आणि तिथे दुसरी पायरी परत कामाला येते. ‘दे सेट ऑफ अर्ली’, कर्म नाही, म्हणजे ते लवकर निघाले. ‘दे सेट ऑफ द अलार्म’, कर्म आहे, म्हणजे त्यांच्यामुळे धोक्याची घंटा वाजली.

ठरीव वाक्प्रचारांचंही असंच. ‘इन द लाँग रन’ हे ‘रन’च्या नामांमध्ये शोधू नका, ते वाक्प्रचारांच्या चौकटीत असतं, आणि त्याचा अर्थ ‘शेवटी’, ‘दूरचा विचार करता’.

जिथे वाक्य उत्तर देत नाही

कधी कधी वाक्यात खरंच उत्तर नसतं. ‘शी रन्स द मॅरेथॉन’ घ्या. क्रियापद आहे, कर्म आहे, छोटा शब्द नाही, आणि तरी दोन अर्थ सरळ उभे राहतात: ती मॅरेथॉन धावते, किंवा मॅरेथॉनचं आयोजन तिच्याकडे आहे. कोश कितीही चांगला असला तरी तो इथे हात वर करतो. आधीचं आणि नंतरचं वाक्य वाचा. तिथे बूट, सराव, वेळ नोंदवणं असेल तर ती धावते. स्वयंसेवक, परवानग्या, प्रायोजक असतील तर ती चालवते. परिच्छेदभर शोधूनही काही सापडलं नाही, तर लिहिणाऱ्याला विचारणं हाच उपाय आहे. अनुवादात असं विचारायला संकोच वाटतो, पण ‘कुठे?’ असा शेरा वाचण्यापेक्षा तो बरा.

नवखी माणसं एक चूक हमखास करतात, तिची खूणही सांगतो. मराठी वाक्यात काही न करणारी वस्तू अचानक माणसासारखी वागू लागली, म्हणजे बातमी धावली, ताप पळाला, रस्ता धावला, तर शंभरातल्या बहुतेक वेळा तुम्ही पहिल्या क्रमांकावर अडकलेले असता. परत जा आणि कर्ता कोण आहे ते बघा.

तर ‘कलर्स मे रन’. ‘मे’नंतर आलंय, म्हणजे क्रियापद. पुढे काही नाही, म्हणजे अकर्मक. कर्ता रंग, आणि संदर्भ धुण्याचा. पाट्यांमध्ये रंगाची पाटी सापडते, आणि तिच्याखाली अर्थ दिलेला असतो: ओलं झाल्यावर रंग कापडातून सुटून पसरणे. दुसऱ्या खेपेला मी लिहिलं, ‘रंग जाऊ शकतो व इतर कपड्यांना लागू शकतो’. बाईंनी त्यावर काही लिहिलं नाही.